मोहरी आधी, कढीपत्ता शेवटी

मोहरी, मग जिरं, मग कढीपत्ता, हिंग आणि हळद. मराठी घरात वाढलेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी हा क्रम सांगता येईल. तरीही त्याच क्रमाने, त्याच डब्यातल्या जिनसांनी केलेली फोडणी एका घरात खमंग होते, दुसऱ्या घरात कडवट, आणि तिसऱ्या घरात तर आमटीत मोहरीचे कच्चे दाणे दाताखाली कचकचतात. क्रम सगळ्यांचा पाठ असतो. तो क्रम तेलाच्या कोणत्या तापमानासाठी आहे, याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष नसतं.

आधी तेलच का, ते पाहू. पाणी कितीही उकळलं तरी 100 अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. जिऱ्याला भाजल्याचा जो खमंगपणा येतो, मोहरी फुटल्यावर तिला जी दाण्यासारखी चव येते, ती एवढ्या उष्णतेत तयारच होत नाही. त्यासाठी दीडशे अंशांच्या पुढे जावं लागतं आणि तिथवर तेल सहज जातं. दुसरं असं, की मसाल्यांच्या वासाची द्रव्यं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तेलात मात्र चटकन विरघळतात. उकळत्या आमटीत नुसतं जिरं टाकलं तर ते भिजून फुगतं आणि बराचसा वास स्वतःजवळच ठेवतं. तेच तेलातून घातलं तर वास तेलात उतरतो आणि ते तेल आमटीभर पसरतं. म्हणजे फोडणीच्या तेलाकडे दोन कामं असतात: आधी वास तयार करायचा आणि मग तो धरून ठेवायचा. पहिल्या कामाला तेल कडक तापलेलं लागतं, दुसऱ्याला ते फार तापलेलं चालत नाही. फोडणीतली सगळी कसरत या दोन कामांच्या मधल्या मिनिटभरात होते.

फोडणीसाठी मी लहान, खोलगट लोखंडी कढलं वापरते आणि इतरांनाही तेच सुचवते. त्यात परंपरेचा अभिमान वगैरे काही नाही. पसरट तव्यात किंवा मोठ्या कढईत दोन चमचे तेल टाकलं की त्याचा पातळ थर होतो. मोहरीचा दाणा त्यात पोहत नाही, धातूवर बसतो. मग खालून जळतो आणि वरून कच्चा राहतो. कढल्यात तेवढंच तेल मध्यभागी जमून खोल राहतं आणि दाणे सगळ्या बाजूंनी तापतात. लोखंड जाड असल्यामुळे थंड जिन्नस पडल्यावरही तेल एकदम निवत नाही. पण हाच गुण पुढे दोष ठरतो, कारण गॅस बंद केल्यावरही लोखंड आपल्याजवळची उष्णता तेलाला देतच राहतं. पातळ ॲल्युमिनियमच्या भांड्यात उलट होतं. ते झटकन तापतं, झटकन निवतं, आणि तळाशी एखाद्या ठिकाणी फार तापून तिथलेच दाणे करपवतं. कोणतं भांडं वापरता यापेक्षा आपलं भांडं गॅस बंद केल्यावर किती वेळ तापलेलं राहतं, हे ठाऊक असणं जास्त उपयोगाचं. इंडक्शनच्या शेगडीवर गोल बुडाचं कढलं चालत नाही, तिथे सपाट बुडाचं छोटं पातेलं घ्यावं आणि तेल जरा जास्त ठेवावं.

तेल किती तापलं हे ओळखण्याच्या खुणा जुन्याच आहेत. गार तेल कढल्यात फिरवलं तर सुस्तपणे सरकतं. तापलं की पाण्यासारखं पातळ होऊन पळतं आणि पृष्ठभागावर बारीक लहरी दिसू लागतात. या लहरी दिसल्या की मोहरीचे तीन-चार दाणे टाकावेत. दोन-तीन सेकंदांत ते तडतडले तर तेल तयार आहे. पडल्या पडल्या फुटून काळे झाले तर तेल फार तापलं आहे. तळाशी जाऊन गप्प बसले तर अजून थांबायचं. तेलातून धूर निघेपर्यंत मात्र वाट पाहू नये. धूर दिसतो तेव्हा तेल स्वतःच मोडायला लागलेलं असतं आणि त्यातून ॲक्रोलिन नावाचं डोळ्यांना झोंबणारं द्रव्य सुटतं. त्याचा उग्र वास जिऱ्याच्या वासावर बसतो आणि मग काही केल्या जात नाही. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल रिफाइन्ड तेलापेक्षा लवकर धुरावतं. ते वापरत असाल तर आच मध्यमच ठेवावी आणि पहिल्या लहरींवर नजर ठेवावी. घरच्या साजूक तुपात बेरीचे कण राहिले असतील तर ते जिऱ्याच्या आधी जळतात, म्हणून फोडणीसाठी तूप वरचं, नितळ घ्यावं.

आता मोहरी. हा बारीक दाणा वरून कोरडा दिसला तरी आत थोडं पाणी असतं. कडक तेलात त्या पाण्याची वाफ होते, टरफलाच्या आत दाब वाढतो आणि दाणा फुटतो. मक्याची लाही फुटते त्याच धर्तीवर, फक्त मोहरीतून पांढरं काही बाहेर येत नाही. तेल नीट तापलेलं असेल तर वाफ एका झटक्यात होते. ते कोमट असेल तर दाण्यातलं पाणी हळूहळू झिरपून निघून जातं, दाब तयारच होत नाही, आणि मग नंतर आच कितीही वाढवली तरी ते दाणे फुटायचं नाव घेत नाहीत. नुसते तळून काळे होतात. कचकचणाऱ्या मोहरीचं मूळ बहुधा इथे असतं. जुनी, वाळून कोळ झालेली मोहरीही अशीच वागते, कारण तिच्यात फोडायला पाणीच उरलेलं नसतं. फोडणीला बारीक, काळपट-तांबूस मोहरी बरी. मोठ्या दाण्याच्या मोहरीला फुटायला जास्त वेळ लागतो आणि तोवर तेल पुढच्या जिनसांसाठी फार तापून बसतं.

फोडणीतली मोहरी तिखट लागत नाही, हे कधी लक्षात आलं आहे का? हीच मोहरी फेसून लोणच्यात घातली की नाकात झणका जातो. मोहरीचा तिखटपणा दाण्यात आयता नसतो. दाणा चिरडून त्याला पाणी लागलं की आतलं एक विकर आणि एक गंधकयुक्त द्रव्य एकत्र येतात आणि त्यातून तो झणका तयार होतो. कडक तेलात ते विकर निकामी होतं. त्यामुळे फुटलेल्या मोहरीत झणका येत नाही, भाजलेल्या दाण्याची मंद, किंचित कडसर चव येते. फोडणीत मोहरी न फुटता राहिली तर हेही नाही आणि तेही नाही, असा प्रकार होतो.

मोहरी तडतडायला लागली की बहुतेकांचा संयम सुटतो, काहींचा लगेच आणि काहींचा फार उशिरा. पहिल्या दोन दाण्यांच्या आवाजाला जिरं टाकू नये, कारण बाकीचे दाणे अजून फुटायचे असतात आणि जिरं पडल्यावर तेलाचं तापमान थोडं खाली येतं. शेवटचा दाणा फुटेपर्यंतही थांबू नये, कारण तोपर्यंत पहिले फुटलेले दाणे कोळसा झालेले असतात. आवाज ऐकावा. आधी तुरळक तड, मग एकसारखी तडतड, मग पुन्हा तुरळक. एकसारखी तडतड ओसरू लागली तो क्षण जिऱ्याचा. काही दाणे न फुटता राहिले तर राहू द्यावेत. त्यांच्या हट्टापायी सगळी फोडणी पणाला लावण्यात अर्थ नाही.

जिरं मोहरीबरोबर का टाकू नये, हे आता सांगायला फार शब्द लागणार नाहीत. मोहरीला कडक कवच आहे, ती फुटायला पंधरा-वीस सेकंद घेते. जिऱ्याचा दाणा लांबट, बारीक, अंगावर रेघा असलेला. तेलाला त्याचा जास्त भाग लागतो आणि तो दहा-पंधरा सेकंदांत तयार होतो. दोन्ही एकदम टाकली तर मोहरी फुटेपर्यंत जिरं करपणार हे ठरलेलंच. जिरं तेलात पडलं की त्याभोवती बुडबुड्यांचा फेस येतो. दाणा किंचित फुलतो आणि मातकट रंगावरून तांबूस होतो. वास आधी कच्चा, ओलसर असतो आणि मग एकदम खमंग होतो. या बदलावर कढल्यापुढे उभं राहूनच लक्ष द्यावं लागतं. तांबूस आणि काळं यांत चार-पाच सेकंदांचंच अंतर असतं, आणि जिरं कढल्यात जेवढं काळं दिसतं त्याहून अर्धी छटा पुढे ते आमटीत गेल्यावर असतं, कारण मधल्या वेळात ते तेलात भाजतच राहतं. म्हणून जिरं हवं त्या रंगाच्या जरा अलीकडे असतानाच गॅस बंद करावा. फोडणीतला सगळ्यात महत्त्वाचा हात हाच, आणि पाककृतींच्या पुस्तकांत तो क्वचितच लिहिलेला सापडतो. तिथे ‘जिरे घाला, हिंग घाला, हळद घाला, कढीपत्ता घाला’ असं एका दमात येतं आणि गॅस केव्हा बंद करायचा ते वाचणाऱ्याच्या नशिबावर सोडलेलं असतं.

गॅस बंद झाल्यावर कढीपत्ता. याला शेवटची जागा का, हे त्याच्या वासात दडलं आहे. जिऱ्याचा ओळखीचा वास मुख्यतः क्युमिनाल्डिहाइड या द्रव्याचा. ते सुमारे 235 अंशांना उकळतं, म्हणजे फोडणीच्या तेलापेक्षा बऱ्याच वर. त्यामुळे 180 अंशांच्या आसपासच्या तेलात ते काही सेकंद तग धरतं. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. पान चुरगळल्यावर जो ताजा, किंचित लिंबासारखा वास येतो त्यात पायनीन आणि त्याच्यासारखी हलकी द्रव्यं असतात. पायनीन 156 अंशांच्या सुमारास उकळतं. तेलात विरघळल्यावर ते थोडं आवरतं हे खरं, पण मोहरी फोडणाऱ्या तेलात पानं टाकून ती तशीच आचेवर ठेवली तर वासाचा मोठा भाग वाफेबरोबर निघून जातो. स्वयंपाकघरात घमघमाट सुटतो, शेजारी विचारतात आज काय बेत, आणि आमटीत मात्र काळी, चामट पानं उरतात. घरभर पसरलेला वास हा आमटीतून वजा झालेला वास आहे, एवढं लक्षात ठेवलं तर पुष्कळ सवयी आपोआप बदलतात.

कढीपत्त्याला दुसरी अडचण पाण्याची. पानांच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग पाणीच असतो, त्यात धुतल्याचं पाणी वर चिकटलेलं. पाण्याची वाफ होताना तिचं आकारमान जवळपास 1700 पट होतं. तेलाखाली अडकलेला पाण्याचा थेंब असा एकाएकी फुगतो म्हणून तेल अंगावर उडतं. त्यासाठी पानं आधी धुऊन फडक्यावर पसरून ठेवावीत, फोडणीच्या वेळी नव्हे. देठावरून काढून, मोठी पानं हाताने दोन तुकडे करून घ्यावीत. तुकडे केल्याने वास लवकर उतरतो आणि देठाच्या खाचेत अडकणारं पाणीही कमी होतं. टाकताना कढल्याच्या कडेने सोडावीत, उंचावरून फेकू नयेत. दुसऱ्या हातात ताटली तिरपी धरली की शिंतोडे तिच्यावर बसतात. घट्ट झाकण ठेवू नये, कारण वाफ झाकणाला लागून तिचे थेंब होतात आणि झाकण उचलताना ते परत तेलातच पडतात. पानांचा चुरचुर आवाज पाच-सात सेकंदांत ओसरतो. पानं गडद हिरवी, कडेने कुरकुरीत झाली की पुरे.

हे पाण्याचं पान एक मदतही करतं. पानांतली वाफ बाहेर पडताना तेलातली उष्णता घेऊन जाते आणि तेल थोडं निवतं. म्हणून मी हिंग-हळद कढीपत्त्याच्या नंतर टाकते. त्या पुडी आहेत, त्यांना तळायला काही आतला गाभा नाही, कडक तेलात पडताच जळतात. बरेच जण हळद आधी टाकतात आणि मग पानं. त्यात पानांचं काही बिघडत नाही, पण हळद मात्र सोनेरीवरून तपकिरी होते.

एका वाटी तूरडाळीच्या वरणाची, म्हणजे साधारण चौघांच्या जेवणाची फोडणी घेऊन हे सगळं एकदा सलग पाहू. डाळ शिजवून, घोटून, मीठ-गूळ घालून मंद आचेवर उकळत ठेवलेली असावी. दोन मोठे चमचे तेल, अर्धा चमचा मोहरी, अर्धा चमचा जिरं, दहा-बारा कोरडी पानं, दोन चिमटी हिंग, पाव चमचा हळद, सगळं मिसळणाच्या डब्यातून काढून ताटलीत मांडून ठेवावं. डबा उघडून चमचा शोधण्यात जातात तेवढ्याच सेकंदांत जिरं करपतं. लोखंडी कढलं मध्यम आचेवर ठेवून तेल घालावं. दीड-दोन मिनिटांत लहरी दिसतील. चार दाणे टाकून पाहावेत, तडतडले की उरलेली मोहरी. आता आच वाढवू नये. पंधरा-वीस सेकंदांनी तडतड ओसरू लागेल, तेव्हा जिरं. मनात दहापर्यंत मोजावं, नजर रंगावर ठेवावी, तांबूस झळक आली की गॅस बंद. लगेच कडेने कढीपत्ता. चुरचुर संपता संपता हिंग, त्यामागून हळद, आणि कढलं एकदा गोल फिरवून थेट वरणात ओतावं. ओतताना जो ‘चर्र’ आवाज होतो त्यावरून तेलाची अवस्था कळते. जोरात चर्र झालं तर फोडणी वेळेवर पडली. नुसतं बुळबुळ करून तवंग पसरला तर ती कढल्यात निवली होती, म्हणजे जिरं एवढा वेळ उरलेल्या उष्णतेत भाजत होतं. ओतल्याबरोबर वरणावर झाकण ठेवावं, दोन मिनिटं उघडू नये. वर गेलेला वास झाकणाला लागून बराचसा परत खाली येतो. एक पळीभर वरण कढल्यात घालून ते विसळून परत पातेल्यात ओतावं. कढल्याच्या कडांना चिकटलेलं तेल हेच सगळ्यात सुगंधी असतं आणि बहुतेक घरांत ते घासणीबरोबर मोरीत जातं.

काही बिघडलं तर? मोहरी पडताच फटाफट फुटली तर तेल फार तापलेलं आहे. अशा वेळी कढलं उचलून एक चमचा गार तेल घालावं, दहा सेकंद थांबावं आणि मगच जिरं. मोहरी फुटतच नसेल तर जिरं टाकायची घाई करू नये आणि आच एकदम मोठीही करू नये. मध्यम आचेवर अर्धा मिनिट वाट पाहावी. त्यानंतरही गप्पच असेल तर मोहरी जुनी आहे. जिरं काळं झालं तर मात्र कुठलाही उपाय नाही. गूळ, कोकम, जास्तीचं पाणी यांपैकी काहीही त्या कडवटपणाला झाकत नाही, उलट तो पातेलंभर पसरतो. दोन चमचे तेल आणि चिमूटभर मसाला टाकून देणं जिवावर येतं, पण पातेलंभर वरण त्यापेक्षा महाग आहे. आणि तेलानेच पेट घेतला तर गॅस बंद करून कढल्यावर ताट झाकावं. पाणी अजिबात ओतू नये, जळतं तेल त्याने चहूकडे उडतं.

कोशिंबिरीची गोष्ट थोडी निराळी. काकडीच्या कोशिंबिरीवर किंवा दहीभातावर कडक फोडणी ओतली की दही जिथे तेल पडलं तिथे फुटतं आणि दाणेदार होतं. तिथे फोडणी कढल्यातून एका वाटीत काढून घ्यावी. वाटीत काढणं महत्त्वाचं, कारण लोखंडात ठेवून ती निवत नाही, शिजत राहते. कोमट झाली की दह्यात मिसळावी. पानांचा वास यात पूर्ण उतरतो, कारण त्यांना निवत्या तेलात निवांत वेळ मिळतो. कढीला मात्र कडक फोडणीच बरी, तिच्यातलं बेसन दह्याला फुटू देत नाही.

कढीपत्ता उन्हात वाळवून बरणीत भरून ठेवण्याची पद्धत मला फारशी पटत नाही. पानं हिरवी दिसतात, पण ताजेपणाचा हलका वास वाळतानाच निघून गेलेला असतो. अमेरिकेतल्या ओळखीच्या मराठी घरांत पानं धुऊन, पूर्ण कोरडी करून, पिशवीतली हवा काढून फ्रीजरमध्ये ठेवतात. त्यांच्याकडे ताजा कढीपत्ता दर वेळी हाताशी नसतो. लिंबूवर्गीय झाडांचा एक रोग पसरवणारा किडा या झाडावरही राहतो, म्हणून तिथल्या काही राज्यांत रोप इकडून तिकडे नेण्यावर निर्बंध आहेत. गोठवलेली पानं फोडणीसाठी आधी बाहेर काढून ठेवू नयेत. तशी ठेवली तर त्यांच्यावर दव जमतं, पानं मऊ पडतात आणि तेल जास्त उडतं. गॅस बंद केला की पिशवीतून काढून थेट तेलात सोडावीत, आणि ती गार असल्यामुळे जिरं ताज्या पानांच्या वेळेपेक्षा किंचित जास्त तांबूस होऊ द्यावं.